ड्रॉवरातलं मीटर

ओमप्रकाश माझ्या हाताखाली सात वर्षं होता. कुठला स्क्रू कुठं बसतो हे बी त्याला मीच शिकवलं. आता परभणीत स्टेशन रोडला त्याचं काचेचं दुकान हाय, आत एसी हाय, काउंटरला चार पोरं हायत. माझं दुकान तिथनंच आत बोळीत. दहा बाय बारा, आन् शटर अर्धंच वर जातं. ह्या साली महिन्याला दोन कॉम्प्युटर बी गेले न्हाईत. लोक येतात, मोबाईल माझ्या नाकासमोर धरतात आन् म्हणतात, ऑनलाइन यवढ्याला हाय, तुमचं जास्त कसं काय?

दिवाळी झाली आन् हा गडी एका दिवशी बोळीत आला. खुर्ची पुसून बसला. हातरुमालानं पुसली बर का, माझ्याच दुकानातली खुर्ची.

"उस्ताद, कशाला तरास घ्यायलाव? माझ्या काउंटरला बसा. पंधरा हजार देतो."

"चालता हो," मी म्हणलं.

"जातो की. पण जिंतूरची ऑर्डर बी मलाच भेटणार हाय. तेवढं ध्यानात ठेवा."

जिंतूरची ऑर्डर म्हंजे धम्मशीला मॅडमच्या टायपिंग आन् कॉम्प्युटर क्लासचे चोवीस मशीन. जुने सगळे काढून नवे लावायचे होते. ती ऑर्डर भेटली तर माझं दुकान वर्षभर तगणार होतं. न्हाई भेटली तर शटर ओढायचं आन् ज्याला हातात स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवला त्याच्या काउंटरला जाऊन बसायचं. दुसरा रस्ता न्हवता. बायकोला बी हे ठाऊक होतं. जिंतूरला निघालो त्या सकाळी तिनं डबा हातात दिला आन् ती आत गेली.

एक मशीन पोत्यात बांधून मी यष्टीनं जिंतूरला गेलो. ओमप्रकाश गाडीतून माझ्या आधी पोचलेला. क्लासच्या टेबलावर त्यानं रंगीत कागद मांडलेला होता, प्लास्टिकमध्ये घालून. त्याच्या बाजूला एक मोठा डबा. एसएमपीएसचा. प्लगातली वीज घेऊन कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारी जी पेटी कॅबिनेटमध्ये बसते, तिला आमी एसएमपीएस म्हणतो. त्याच्या डब्यावर सोनेरी स्टिकर चमकायलं होतं. गोल्ड.

धम्मशीला मॅडम पन्नाशीच्या आतबाहेर. दोन जुन्या टाइपरायटरवर सुरू केलेला क्लास त्यांनी इथवर आणला. त्यांनी आमच्याकडं बघितलं आन् सरळ म्हणल्या, "चहा नंतर. दोघांच्या कोटेशनमध्ये सगळं सारखं हाय. फरक फक्त ह्या एसएमपीएसचा. ह्यांचा गोल्ड, तुमचा ब्राँझ. दर मशीनमागं चौतीसशे रुपयांचा फरक. का, ते सांगा. आधी तुमी." त्यांनी ओमप्रकाशकडं बोट केलं.

ओमप्रकाश उभा राहिला. शर्ट खाली वढला. "मॅडम, आमचा डबा साडेसहाशे वॅटचा. ब्राँझ शंभर वॅट वढतो आन् आत पंच्याऐंशी पोचवतो. गोल्ड नव्वद पोचवतो. बाकीचं गरम होऊन वाया. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, अकरा रुपये युनिट. हा बघा हिशेब. एका मशीनमागं वर्षाला अकराशे बावीस रुपयांची लाईट वाचती. चौतीसशे रुपये तीन वर्षांत वसूल. पुढं सगळा फायदा. चोवीस मशीनचं तुमीच बघा."

मॅडमनी कागद हातात घेतला. आकडे बोटानं वरनं खाली बघितले. त्यांच्या डोळ्यात चोवीस गुणिले अकराशे चाललेलं मला दिसायलं होतं, आन् माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"झूट हाय," मी म्हणलं.

"उस्ताद, जरा जबान सांभाळून."

"तूच सांभाळ. हे साडेसहाशे कुठनं आणलंस?"

"डब्यावर लिहिलंय की."

"आरं बाबा, डब्यावर लिहिलंय ते तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते! किती द्यायचं ते मशीन ठरवतं. तुझ्या घरावर हजार लिटरची टाकी हाय, म्हणून तू रोज हजार लिटरनं आंघोळ करतोस काय? सात वर्षं काय शिकलास माझ्याजवळ? झाडू मारायला?"

मॅडमच्या क्लासमधल्या दोन पोरी हसल्या. ओमप्रकाशचे कान लाल झाले. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी पिशवीतून मीटर काढलं. हे मीटर म्हंजे एक लहानसं यंत्र. भिंतीच्या प्लगात हे लावायचं आन् ह्याच्यात कॉम्प्युटरची वायर लावायची. कॉम्प्युटर त्या घडीला किती वॅट वढायलाय ते काचेवर दिसतं. माझं मशीन टेबलावर ठेवलं, आत माझा ब्राँझचा एसएमपीएस होताच. स्क्रीनची वायर दुसऱ्या प्लगात दिली, म्हंजे मीटरवर नुसतं कॅबिनेट. चालू केलं आन् एका पोरीला म्हणलं, "बस. टायपिंग कर. रोज करतीस तसं."

पोरगी टायपिंग करायली. आकडा जरा वरखाली झाला आन् ठरला. अठ्ठेचाळीस.

"अठ्ठेचाळीस वॅट," मी म्हणलं. "साडेसहाशे कुठं गेले रे ओमप्रकाश? परभणीला राहिले का?"

मग मशीन बंद केलं, माझा एसएमपीएस काढला आन् त्याचाच गोल्ड त्याच्याच समोर बसवला. त्याचा हात पुढं आला होता मदतीला, मी ढकलला. तीच पोरगी, तेच टायपिंग. आकडा ठरला. सेहेचाळीस.

"दोन वॅट! यवढंच तुझं सोनं?"

"गोल्ड तर गोल्ड हाय," ओमप्रकाश म्हणला. "सर्टिफिकेट हाय त्याला."

"सर्टिफिकेट कसं देतात ते ठाऊक हाय का? डब्याच्या ताकदीच्या वीस टक्के लोडला मोजतात, पन्नास टक्क्याला मोजतात, पुऱ्याला मोजतात. साडेसहाशेचे वीस टक्के म्हंजे एकशे तीस वॅट. हे मशीन चाळिसाच्या घरात चालायलंय. तिथं त्या स्टिकरनं कुणाला काही वचन दिलेलं न्हाई. एक पोतं सोयाबीन न्यायला तू दहाचाकी ट्रक लावलास आन् वर म्हणायलास, ॲव्हरेज लय चांगलं हाय."

मी मार्कर घेतला आन् फळ्यावर लिहिलं. दोन वॅट, आठ तास, तीनशे दिवस. वर्षाला चार पॉइंट आठ युनिट. अकरा रुपयांनी त्रेपन्न रुपये. चौतीसशे भागिले त्रेपन्न, चौसष्ट वर्षं.

"वय काय रे तुझं?" मी ओमप्रकाशला विचारलं.

मग मीच सांगितलं.

"छत्तीस. मला ठाऊक हाय, तुझ्या लग्नात मीच पत्रिका वाटल्यात. तुझ्या शंभराव्या वाढदिवसाला मॅडमचे पैसे वसूल होतील. बोलव आमाला केक खायला."

सगळा क्लास हसला. मॅडम बी हसल्या, जराशा. ऑर्डर माझी झाली होती. मला त्यांच्या तोंडावर दिसायलं होतं. तिथं मी गप बसलो असतो तर मशीन पोत्यात भरून, चहा पिऊन, दुपारच्या यष्टीनं घरी आलो असतो. पण माझा सोभाव. समोरचा पडला की मला त्याच्यावर पाय ठेवून उभं राहायचं असतं.

मी मशीन बंद करून तो गोल्डचा डबा बाहेर काढला आन् नखानं त्याचं सोनेरी स्टिकर खरडायला लागलो. ही माझी जुनी खोड. दुकानात कुणी स्टिकरचं कौतुक करायला लागला की मी असंच खरडून दाखवतो, बघा, काढलं तरी कॉम्प्युटर चालतो.

"हे स्टिकर म्हंजे नुसतं पैसे उकळायचं काम हाय मॅडम. मी माझ्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांला हेच सांगतो."

"सगळ्यांला?" मॅडमनी विचारलं.

"एकूण एकाला. आन् तोंडी न्हाई. बिलाच्या मागं माझ्या हातानं लिहून देतो, खाली सही करतो. परभणीत असं करणारा मी एकटा हाय."

मॅडमनी टेबलाचा खण उघडला. एक फाइल काढली. फाइलीतून एक पिवळं पडलेलं बिल काढलं आन् उलटं करून माझ्यासमोर ठेवलं.

अक्षर माझंच. *सर्टिफिकेटला पैसे घालू नये. वीज तेवढीच लागते.* खाली माझी सही, तारीख चार वर्षांपूर्वीची.

"हे माझ्या बहिणीच्या मशीनचं बिल," मॅडम म्हणल्या. "नीलम, बाहेर ये गं."

आतल्या खोलीतून एक तिशीतली बाई आली. मी ओळखलं न्हाई. तिनं मला ओळखलं.

"मी गोल्ड मागितला होता," नीलम म्हणली. "तुमी म्हणलाव, सोन्याचा भाव विचारायचा असंल तर सराफ्यात जा. दुकानात सात-आठ माणसं होती. सगळी हसली."

आठवलं. काळी सॅक अडकवून आलेली, कागदावर सगळं लिहून आणलेली पोरगी. लय प्रश्न विचारायली म्हणून मी वैतागलो होतो. लोक हसले तेव्हा ती कागदाची घडी घालत राहिली होती.

"तुमी काय करता आत?" ओमप्रकाशनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"घरांचे थ्रीडी व्हिडिओ. बिल्डर लोकांला लागतात, घर बांधायच्या आधी दाखवायला. पुण्याचं, हैदराबादचं काम येतं. व्हिडिओ तयार व्हायला मशीन दिवसाला वीस तास पळतं."

"लाईट बिल माझ्या नावावर येतं," मॅडम म्हणल्या. "चार वर्षं मी समजायले की ह्या कामाला लाईटच यवढी लागत असंल. कारण तुमी लिहून दिलं होतं." मग त्यांनी मीटरकडं बोट केलं. "हे आत लावा."

 काचेवर काय दिसणार हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. टायपिंगचं मशीन आन् हे मशीन ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. हे डब्याच्या अर्ध्याच्या वर लोड घेऊन वीस तास पळतं. स्टिकरचे आकडे खरे ठरतात ते इथंच.

आतलं मशीन भट्टीसारखं तापलेलं. नीलमनं काम थांबवलं, मी मीटर लावलं, तिनं तेच काम परत सुरू केलं. पंखे ओरडायला लागले. आकडा चढत गेला आन् थांबला. पाचशे सोळा.

"आता ह्यांचा गोल्ड लावा," मॅडम म्हणल्या.

"तो ह्याला बसत न्हाई," मी म्हणलं. "चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या पिना वेगळ्या असतात."

आता हे मी का म्हणलो? तोंडातून निघून गेलं. नीलमनं बाहेरनं गोल्डचा डबा आणला, त्याच्या वायरी मोकळ्या केल्या आन् माझ्यासमोर धरल्या.

"तसल्या पिना दोन हायत. बसतात. माझ्या मशीनला किती लागतं आन् हा किती देतो ते बी मी बघितलं. पुरतो."

ओमप्रकाश भिंतीला टेकून उभा होता. आता तो हसायला लागला होता. त्याला काही कळलं न्हवतं, पण मी खोटं बोललो यवढं कळलं होतं. मी गुडघ्यावर बसलो आन् स्क्रू काढायला लागलो. माझाच चार वर्षांपूर्वीचा डबा बाहेर आला. सर्टिफिकेट न्हाई, काही न्हाई, वर मोठ्या अक्षरात नुसतं सातशे वॅट. धुळीनं भरलेला. गोल्ड बसवला. नीलमनं परत तेच काम सुरू केलं. पंखे ओरडले. आकडा चढला. चारशे बत्तीस.

मी थांबलो, अजून चढंल म्हणून. न्हाई चढला.

"चौऱ्याऐंशी वॅट," नीलम म्हणली. तिला हिशेब करायला फळा लागला न्हाई.

"बाहेर चला," मॅडम म्हणल्या. "तिकडं जसं लिहिलं तसंच हे बी लिहा. त्याच्याच बाजूला."

मी लिहिलं. सगळ्या क्लाससमोर. चौऱ्याऐंशी वॅट, वीस तास, तीनशे दिवस. पाचशे चार युनिट. अकरा रुपयांनी पाच हजार पाचशे चव्वेचाळीस. एका वर्षाचे.

"तेव्हा गोल्ड तुमच्या डब्यापेक्षा कितीनं महाग होता?" मॅडमनी विचारलं.

"सत्तेचाळीसशेनं," नीलम म्हणली. "माझ्याकडं तो कागद अजून हाय."

"दहा महिन्यांत वसूल!" ओमप्रकाश ओरडला. "उस्ताद, दहाच महिन्यांत! माझा शंभरावा वाढदिवस राहू द्या, ताईंचा पुढचा वाढदिवस बी लागला नसता की!"

त्याचा गळा धरावा वाटला. पण मार्कर माझ्याच हातात होता, आन् मॅडम म्हणल्या, "चार वर्षांचे लिहा." मी लिहिलं. बावीस हजार एकशे शहात्तर.

"मॅडम," मी म्हणलं, "चूक झाली. माणसाकडनं होती चूक. ते मशीन वीस तास पळणार हे मला ठाऊक न्हवतं."

"मी सांगितलं होतं," नीलम म्हणली. "पहिलंच वाक्य तेच होतं माझं."

 मॅडमनी आतनं आणलेलं मीटर हातात घेतलं आन् उलटंपालटं करून बघितलं. पांढरं प्लास्टिक पिवळं पडायला लागलेलं, कोपऱ्याला चिकटपट्टी.

"भागवतराव, हे मीटर कधी घेतलंव?"

दोन वर्षं झाली म्हणलं असतं तर झालं असतं. ओमप्रकाशला पत्ता न्हवता, बिल माझ्या घरी होतं. जिभेवर आलं होतं. पण फळ्यावर माझ्या अक्षरातले दोन हिशेब शेजारी शेजारी होते, आन् ती नीलम माझ्याकडं बघायली होती. रागानं बी न्हाई. नुसती बघायली होती, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी.

"सहा वर्षं झाली."

"म्हंजे तेव्हा होतं."

"होतं. ड्रॉवरात होतं."

"मग का न्हाई लावलं?"

"तसल्या डब्यांचा लॉट पडून होता. दहा नग. खपवायचे होते."

क्लासमध्ये कुणीच हसलं न्हाई. ओमप्रकाश बी न्हाई. सहा वर्षांत ते मीटर मी गिऱ्हाइकासमोर एकदा बी काढलं न्हवतं. त्या दिवशी काढलं, कारण त्या दिवशी आकडा माझ्या बाजूचा होता.

मॅडमनी ओमप्रकाशचा रंगीत कागद घेतला, गोल्ड लिहिलं होतं ते खोडलं आन् वर ब्राँझ लिहिलं. "हा एसएमपीएस लावून, दर मशीनमागं चौतीसशे कमी करून, आज ऑर्डर घेता?"

"घेतो की मॅडम! आत्ता घेतो."

"आन् आतला गोल्ड तिथंच राहू द्या. त्याचे पैसे वेगळे."

मी उठलो. अंगात नुसती आग. "ओ मॅडम, हा काय न्याय हाय? ह्यानं तुमाला ऐंशी हजाराला बुडवलं असतं! मी वाचवलं. माझ्या हिशेबानं, माझ्या मीटरनं! आन् ऑर्डर ह्याला?"

"ह्याला हिशेब येत न्हाई," मॅडम म्हणल्या, "म्हणून हा चुकला. तुमाला येत होता."

   

मी मशीन पोत्यात भरायला लागलो. मॅडमनी मीटर परत दिलं न्हाई. "हे केवढ्याचं?" त्यांनी विचारलं. "चोवीस मशीन आले की एकेक लावून बघणार हाय मी. ह्यांच्यावर बी माझा भरवसा न्हाई."

ओमप्रकाशचा चेहरा उतरला. मला त्याचं बी सुख झालं न्हाई.

"जुनं हाय. सहाशे द्या."

त्यांनी सहाशे मोजून दिले. मी बिल फाडलं. त्यांनी ते वाचलं, उलटं केलं आन् माझ्यासमोर सरकवलं. "मागं लिहून देता ना तुमी? द्या."

"काय लिहू?"

"जे दिसलं ते."

मी लिहिलं. टायपिंगचं मशीन, ब्राँझ अठ्ठेचाळीस, गोल्ड सेहेचाळीस. नीलमताईंचं मशीन, माझा डबा पाचशे सोळा, गोल्ड चारशे बत्तीस. खाली सही केली.  त्या दिवशी जिंतूरमध्ये माझा यवढाच माल खपला.

बाहेर ओमप्रकाश गाडीला टेकून उभा होता. दार उघडून म्हणला, "बसा उस्ताद. सोडतो परभणीला."

"नको."

"काउंटरचं काय मग?"

मी पोतं खांद्यावर घेतलं आन् स्टँडकडं चालायला लागलो. त्यानं मागनं आवाज दिला.

"आता बारा हजार. पंधरा सकाळी होते."

मी मागं वळून बघितलं न्हाई. आईवरून शिवी दिली, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं बघायला लागली. यष्टीनं परभणीला आलो. बायकोनं पोत्यातलं मशीन बघितलं. एक तारखेला मी ओमप्रकाशच्या दुकानात गेलो, आन् त्यानं मला एसीच्या खाली बसवलं.

दुपारी एक पोरगी आली. सॅक अडकवलेली, हातात कागद. "काका, गोल्ड घेऊ का ब्राँझ?"

पलीकडनं ओमप्रकाश बघायला होता.

"मशीन दिवसाला किती तास चालतं, बाळा?" मी विचारलं, आन् हात सवयीनं ड्रॉवराकडं गेला. ड्रॉवर त्याचा होता. आत नुसती व्हिजिटिंग कार्डं होती.